वळणावरची बावीस मिनिटं

"पत्ता चालतोय म्हणजे माणूस चालतोय, असं कधी धरून बसू नकोस," विनेश सरांनी प्रणालीला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. कँटीनमध्ये ती मिसळीत पाव बुडवत होती आणि तिला हसू आवरेना.

"सर, आपण डेटावाले. माणसं मोजायला जनगणनेवाले आहेत की!"

सर हसले नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "हस बाई. पहिल्या वर्षी सगळेच हसतात."

त्या गोष्टीला सहा वर्षं होऊन गेली. प्रणालीचं लग्न झालं, साक्षी झाली, ती रांगता रांगता चालायला लागली, आणि सरांचं ते वाक्य कुठल्या कुठं गेलं. नवी मुंबईत महाप्याला, मोबाइल कंपनीच्या काचेच्या इमारतीत, भिंतभर पडद्यांसमोर, तिचं काम एकच होतं: फोन कुठंही फिरो, त्याचा पत्ता मोडू द्यायचा नाही.

हे पत्त्याचं प्रकरण तिनं एकदा सासूला समजावून सांगितलं होतं. नीराबाई पालीकडच्या, भाताच्या शेतात आयुष्य गेलेल्या, पण डोकं तल्लख. "काय करतेस गं तू दिवसभर त्या पडद्यापुढं?" असं त्यांनी विचारलं तेव्हा प्रणाली भाजी निवडत होती.

"आई, तुमचा फोन इंटरनेटला लागला ना, की आमच्याकडचं एक मोठं यंत्र, त्याला गेटवे म्हणतात, ते फोनला एक पत्ता देतं. जगाला तेवढा एकच पत्ता ठाऊक. कुणी काही धाडलं की ते आधी गेटवेच्या दारात येतं. मग गेटवे बघतो, बाई सध्या कुठल्या टॉवरखाली आहेत? तो आलेलं पाकीट उघडत नाही. तसंच्या तसं दुसऱ्या मोठ्या पाकिटात घालतो, वर त्या टॉवरचं नाव आणि एक नंबर टाकतो, आणि धाडून देतो. टॉवर वरचं पाकीट फाडतो आणि आतलं तुम्हाला देतो. याला आम्ही टनेल म्हणतो."

"आणि मी पालीला गेले तर?"

"तर फक्त वरच्या पाकिटावरचं टॉवरचं नाव बदलतं. आतलं पाकीट तेच, पत्ता तोच. धाडणाऱ्याला पत्ताही लागत नाही तुम्ही हललात ते."

नीराबाईंनी मेथीची एक काडी मोडली. "माहेरासारखं झालं की हे. बहीण सासरहून नवऱ्यामागं कुठं कुठं फिरली, तरी तिची पत्रं आमच्याच घरी. आई पुढं धाडायची. एकदा बहीण बदलापूरला आहे म्हणून आई धाडत राहिली, आणि बहीण तर कधीच तिथनं उठलेली."

"तसं नाही होत आमच्याकडं," प्रणाली म्हणाली होती. तेही तिनं हसतच म्हटलं होतं.

*

गेल्या फेब्रुवारीत श्रीवर्धन-म्हसळा रस्त्यावरच्या तक्रारी यायला लागल्या. डोंगरातल्या एका वळणावर नवा टॉवर उभा राहिला होता. पडद्यावर त्याचं नावच 'वळण' असं ठेवलेलं. त्याच्या छायेत गाडी शिरली की फोनला रेंज पुरी, पण डेटा मेलेला. प्रणालीनं दोन दिवस खोदून कारण काढलं. फोन जुन्या टॉवरवरून नव्यावर जायचा ते नीट. पण नव्या टॉवरकडून आपल्या गेटवेकडं जायची वाटच कुणी आखली नव्हती. म्हणजे टनेलचं एक तोंड उघडं आणि दुसरं भिंतीला लागलेलं. पलीकडच्या टॉवरखाली गेल्यावर फोन झगडून पुन्हा पहिल्यापासून जोडणी करायचा आणि त्याला नवा पत्ता मिळायचा. चाललेलं सगळं तुटायचं.

वाट आखून झाली. आता प्रत्यक्ष रस्त्यावर फोन नेऊन तपासायचं होतं. त्या पट्ट्यातला त्यांचा माणूस म्हणजे शुभम. श्रीवर्धनच्या जीवना बंदरावरच्या कोळीवाड्यातला, सव्वीस वर्षांचा, डिप्लोमा केलेला. बोलायला लागला की थांबायचा नाही.

नियम असा, की अशी चाचणी चारचाकीतून करायची. एकानं चालवायची, एकानं मांडीवर लॅपटॉप घेऊन बघायचं. त्या दिवशी गाडी अलिबागच्या कामाला गेलेली. शुभमचा फोन आला, "ताई, गाडी उद्या मिळेल म्हणतायत. मी बाइकवर मारू का? फोन जॅकेटच्या खिशात, चाचणी चालू ठेवतो. तुम्ही तिकडनं बघा, मी इकडनं पळतो."

नाही म्हणायला हवं होतं. पण साक्षीला आदल्या रात्रीपासून ताप होता. पाळणाघरातल्या कॅमेऱ्यात ती एका कोपऱ्यात ब्लँकेट ओढून पडलेली दिसत होती, आणि प्रणाली दर पाच मिनिटांनी ती खिडकी उघडून बघत होती. पोर दिसतेय, हलतेय, म्हणजे बरी आहे. काम आज संपलं तर चारला निघता येणार होतं.

"मार," ती म्हणाली. "पण हळू."

"ताई, माझी आई पण एवढं सांगत नाही."

पहिली फेरी स्वच्छ गेली. दुसरीही. शुभमनं वळणावर थांबून फोन केला, "झालं ना? ऊन रणरणतंय हितं."

"तीन लागतात रे तक्रार बंद करायला. अजून एक मार, मागं श्रीवर्धनला जा, तिथनं म्हसळ्यापर्यंत आणि परत फिर. मग सुटलास."

"तुम्ही म्हणजे ना ताई, गणिताच्या बाई. जातो."

दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटं. प्रणालीच्या पडद्यावर शुभमच्या चाचणी-सिमचा एक आडवा पट्टा होता. डावीकडं पत्ता, मध्ये दर सेकंदाला जाणाऱ्या-येणाऱ्या डेटाचा आकडा, उजवीकडं टनेल सध्या कुठल्या टॉवरला टेकलाय त्याचं नाव. श्रीवर्धन. मग त्याच्या पुढचा. मग वळण. नाव बदललं, पत्ता तोच. एकसुद्धा पाकीट गळलं नाही. तिनं मुठीनं टेबलावर हळूच ठोसा मारला.

मग पट्टा वळणावरच राहिला.

डेटा चालू होता. चाचणी चालू असल्यामुळं फोन झोपत नव्हता, टनेल भरून वाहत होता. फक्त टॉवर बदलत नव्हता. दोन त्रेपन्न, दोन छप्पन्न, तीन. टपरीवर चहा मारत असेल, तिनं मनाशी म्हटलं. ऊन आहे, पोरगा दमलाय. तिच्या डोळ्यांसमोर ती टपरीही उभी राहिली: ताडपत्री, स्टोव्ह, काचेच्या बरणीत नानकटाई. तिनं पाळणाघराची खिडकी उघडली. साक्षी झोपली होती. परत पट्ट्याकडं आली. वळण.

तीन वाजून चौदाला नाव बदललं. आणि मग भराभर बदलत गेलं. पुढचा टॉवर, म्हसळा, म्हसळ्याच्या पलीकडचा, साई, मोर्बा. एवढ्या वेगात, की प्रणालीला गंमत वाटली आणि थोडा रागही आला. "अरे, कुठं निघालास? म्हसळ्याला फिरायचं होतं," असा मेसेज तिनं टाकला. उत्तर आलं नाही. पण पत्ता! सहा टॉवर बदलले, सहा वेळा टनेलचं तोंड उचलून दुसरीकडं लावलं गेलं, आणि पत्ता जागचा हलला नाही. असा सुरेख निकाल तिनं वर्षभरात पाहिला नव्हता. माणगावला पट्टा थांबला तेव्हा तिनं अहवालात 'उत्तीर्ण' लिहिलं, आणि शुभमला दुसरा मेसेज केला: "शाब्बास! एक नंबर काम!! भटकून झालं की घरी जा."

चारला ती निघाली. साक्षीला कडेवर घेऊन औषधाच्या दुकानात उभी होती तेव्हा श्रीवर्धनच्या सुपरवायझरचा, रितेशचा, फोन आला.

"मॅडम, शुभम गेला."

"कुठं गेला? माणगावला कशाला गेलेला तो?"

पलीकडून रितेशनं तिला मध्येच थांबवलं. मग म्हणाला, "मॅडम, त्याला टेम्पोत घालून नेला माणगावला. वळणावर बाइक घसरली. बराच वेळ पडून होता म्हणे, कुणी बघितलंच नाही, रस्त्याच्या खालच्या अंगाला. एका टेम्पोवाल्याला बाइकचं चाक दिसलं. डॉक्टर म्हणाले, पंधरा-वीस मिनिटं आधी आणला असता तर..."

औषधवाला सुट्टे पैसे पुढं करून उभा होता. प्रणालीला ते दिसत होतं, पण हात उचलेना.

*

सांत्वनाला ऑफिसातले सगळे जाऊन आले. प्रणाली गेली नाही. साक्षीचा ताप, असं तिनं सांगितलं, आणि ताप खरोखरच आठवडाभर होता.

परत कामावर आल्यावर तिनं पहिल्यांदा तो पट्टा शोधला. बंद झाला असेल, असं धरून. पण पट्टा होता. तोच पत्ता. टनेलचं तोंड: जीवना बंदर. डेटा चालू. शुभमचं सामान प्लॅस्टिकच्या पिशवीतून घरी गेलं होतं, त्यात फोनही गेला, कुणीतरी त्याला चार्जिंगला लावत होतं, आणि त्यातली चाचणी कुणी थांबवलीच नव्हती. दर सेकंदाला तो फोन 'आहेस का?' विचारत होता, आणि महाप्याच्या एका यंत्राकडून त्याला 'आहे' असं उत्तर मिळत होतं.

चाचणी-सिम बंद करायला यंत्राला आज्ञेची एक ओळ लिहायची असते. तिनं ती लिहिली नाही.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी साडेआठला पट्टा हलला. प्रणालीनं चहाचा कप बाजूला सरकवला. जीवना बंदर, श्रीवर्धन, त्याच्या पुढचा. एस.टी.च्या वेगानं. मग वळण. आणि वळणावर थांबला.

ती घड्याळाकडं बघत राहिली. दहा मिनिटं. पंधरा. बावीस मिनिटं झाली, मग अर्धा तास, आणि मग पट्टा उठला आणि म्हसळ्याला गेला. दुपारी तो सरळ परत आला, वळणावर न थांबता.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. कधी पंचवीस मिनिटं, कधी चाळीस. पण सकाळी वळणावर थांबल्याशिवाय पट्टा पुढं जायचा नाही. तिथं गाव नाही, थांबा नाही, हे तिनं नकाशात पाहिलं होतं. रविवारी पट्टा घरी.

"तू हल्ली बोलत नाहीस," अल्पेश म्हणाला. तो न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात पाळीवर असायचा. दोघांची गाठ जेवताना पडली तर पडायची. "काय बघतेस सारखं फोनमध्ये? पाळणाघर?"

"हो," ती म्हणाली. ऑफिसातला पट्टा घरच्या फोनवर दिसत नसे. ती फक्त वेळ बघत होती. सकाळी साडेआठला निघेल. नऊला वळण असेल.

साक्षी डोळ्यांआड झाली की तिला राहवायचं नाही. स्वयंपाकघरातून ती दर मिनिटाला हाक मारायची, "साक्षी, आहेस ना गं?" आणि पोर खेळता खेळता "आहे" म्हणायची. तेवढ्यानं तिचं समाधान व्हायचं नाही. पदराला हात पुसत ती जाऊन बघून यायची.

एप्रिलमध्ये जुना गेटवे काढायचा ठरला. असं यंत्र एकदम बंद करत नाहीत. आधी नव्या जोडण्या नव्या यंत्राकडं वळवायच्या. जुन्यावरचे फोन कधी ना कधी बंद होतात, पुन्हा चालू होतात, आणि चालू होताना नव्या यंत्राकडून नवा पत्ता घेतात. अशानं जुनं यंत्र आपोआप रिकामं होत जातं, लग्नघर रिकामं व्हावं तसं. दोन लाखांवरून चाळीस हजार, मग नऊशे, मग सतरा. आणि एका बुधवारी विनेश सर तिच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले.

"एकच उरलाय. एकसष्ट दिवसांचं सेशन! एवढे दिवस एकदाही बंद नाही? कोण आहे हा?"

"चाचणी-सिम आहे, सर."

सरांनी चष्मा खाली ओढून नंबर वाचला. सहा वर्षांपूर्वीच्या त्या वाक्याची आठवण त्यांनी करून दिली नाही, आणि तेच तिला फार लागलं. मग हलकेच म्हणाले, "शुक्रवारी यंत्र खाली उतरवायचंय. तोवर मोकळं कर. तुझ्या हातानं कर, नाहीतर मी करतो."

"मी करते. पण आधी सांगून येते, सर."

"कुणाला?"

"तेच तर मला माहीत नाही."

*

गुरुवारी पहाटेच निघून ती म्हसळ्याला आली आणि तिथून श्रीवर्धनची एस.टी. पकडली. साक्षीला सासूकडं ठेवलं होतं, नीराबाईंना तिनं सहा वेळा फोन केला तेव्हा त्या करवादल्या, "बाई गं, पोर जिवंत आहे, वरणभात खातेय, आता ठेव." कंडक्टरला ती म्हणाली, वळणावर उतरायचंय.

"तुम्ही पण?" कंडक्टरनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तिकडनं येणाऱ्या गाडीला एक म्हातारी रोज उतरते. थांबा नाही तिथं, पण काय करणार? पहिल्या दिवशी नाही म्हटलं तर चालत्या गाडीत दाराशी जाऊन उभी राहिली."

वळणावर टपरी नव्हती. प्रणालीनं आधी तेच पाहिलं. ताडपत्री नाही, स्टोव्ह नाही, काही नाही. एका अंगाला लाल दरड, वर टॉवर, दुसऱ्या अंगाला सिमेंटचा बुटका कठडा आणि खाली करवंदीची जाळी. जिथं कुणी थांबून चहा प्यावा असं तिथं कधीच काही नव्हतं.

कठड्यावर एक बाई बसली होती. काष्ट्याचं लुगडं, केसांत सुकलेला अबोलीचा गजरा, पायाशी सुक्या बोंबलांची टोपली. मांडीवर रुमालात गुंडाळलेला फोन.

"सोनाबाई?" शुभमच्या ऑफिसच्या कागदांत वाचलेलं नाव प्रणालीनं घेतलं. "शुभमची आई ना तुम्ही? मी प्रणाली. ऑफिसातली."

म्हातारीनं हातानं कपाळावर सावली धरली. "गणिताची बाय?"

प्रणालीला हुंदका आवरला नाही.

"बस हितं. रडू नको, बोंबील भिजतील," सोनाबाई म्हणाली, आणि टोपली जराशी बाजूला सरकवली. "तुझा लय सांगायचा तो. बाय हुशार हाय, पण सुटी म्हणून देत न्हाय, म्हणायचा."

दोघी बसल्या. एक ट्रक गेला, धूळ खाली बसली.

"मावशी, तुम्ही रोज इथं का उतरता?"

"ह्या फोनासाठी गं." सोनाबाईनं रुमाल सोडला. पडद्याच्या कोपऱ्याला तडा गेलेला. "ह्याच्यात त्याचा काय चालू हाय ता मना कललां न्हाय. पण गरम लागतो हाताला, म्हणजे काम करतो ना? बंद करवत न्हाय. म्हटलां, पोरगा हितं एकलाच पडला होता, आपण रोज जरा बसावां. मग जावां बाजाराला." तिनं अंगठ्यानं पडदा पुसला. "आणि ह्या बघ. ह्या तूच धाडलेलां ना? शेजारच्या विनितानं वाचून दाखवलान. शाब्बास, एक नंबर काम. मी सगल्यांना दाखवते. शेवटाला शाबासकी घेऊन गेला माझा शुभम. त्यानं वाचलां असंल ना गं ता?"

प्रणालीला हो म्हणता आलं असतं. एवढ्या एका होकारावर म्हातारीचं उरलेलं आयुष्य निघालं असतं, आणि तिचं स्वतःचंही. समोर जाळीत करवंदं लाल व्हायला लागली होती. तिनं दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले.

"नाही, मावशी. वाचलं नसणार. मी ते धाडलं तेव्हा त्याला टेम्पोतून माणगावला पोचवलं होतं." ती थांबली, मग एकदमच बोलत सुटली. "मला दिसत होतं. ऑफिसात बसून दिसत होतं मला. फोन इथं थांबलाय, बावीस मिनिटं, हे मी बघत होते. मला वाटलं चहा पितोय. फोनचा पत्ता जिवंत होता, डेटा चालू होता, मी त्यावरच खूश. एक फोन लावला असता तर... त्यानं उचलला नसता, मग मी रितेशला सांगितलं असतं, तो दहा मिनिटांत आला असता. आणि तिसरी फेरीही मीच मारायला लावली. बाइकवर. मला लवकर घरी जायचं होतं."

सोनाबाईनं रुमालाची एक चुणी बोटानं सरळ केली. खालून वाऱ्याबरोबर खाऱ्या पाण्याचा वास आला आणि गेला.

"बावीस," ती शेवटी म्हणाली.

"बावीस."

"मोजलीस तू."

"हो."

"मी मोजत न्हवती. मी आपली बसायची, गाडी येई तवर." तिनं फोन उलटा करून पाहिला, जणू पाठीमागं काही लिहिलंय. "आता मी हितं बसते, ता पण दिसतां तुला?"

"रोज दिसतं. सकाळी तुम्ही जीवनावरनं निघता, इथं थांबता, मग म्हसळ्याला. दुपारी सरळ घरी."

"मंग रोज कोणतरी बघतां मना," सोनाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग होता की दुसरं काही, ते प्रणालीला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही. "घरात दुसरां कोण हाय? दादला कवाच गेला."

मग प्रणालीनं शुक्रवारचं सांगितलं. जुनं यंत्र काढणार, त्याच्यावर हा एकच फोन उरलाय, ते बंद केलं की फोन आपणहून नव्या यंत्राला लागेल, पण पत्ता दुसरा मिळेल. तो पत्ता, शुभम असताना होता तो, राहणार नाही.

"कोण बंद करनार? तू?"

"मी."

"तू नको." सोनाबाईनं फोन रुमालात परत गुंडाळला, चार टोकं नीट आत खोचली. "तू एकदा बघत बसलीस, झालां. करायचां असंल ता मी करीन. जा तू, तुझी गाडी येते बघ. पोर हाय ना घरी?"

गाडीत चढताना प्रणालीनं मागं पाहिलं. म्हातारी कठड्यावर तशीच, पाठमोरी.

*

शुक्रवारी सकाळी प्रणाली आठलाच पडद्यासमोर बसली. पट्टा जीवनावरनं निघाला. नऊ वाजून चारला वळण. विनेश सर शेजारी खुर्ची ओढून बसले. शुभमची आई स्वतः बंद करणार आहे, एवढं तिनं त्यांना सांगून ठेवलं होतं.

नऊ चौतीस. नऊ चाळीस. डेटाचा आकडा एकदम शून्य झाला.

पत्ता होता. गेटवेवर तो तसाच चमकत होता. पण उजवीकडचं टॉवरचं नाव थोड्या सेकंदांनी पुसलं गेलं. टनेलचं टॉवरकडचं तोंड सुटलं होतं.

"बटणानं बंद केला का?" सर पुढं झुकले.

"नाही, सर." बटणानं बंद केलेला फोन जाताना निरोप देतो. मग पत्ता ताबडतोब सुटतो. हा निरोप न देता गेला होता. असं बहुधा तीन प्रकारांनी होतं: फोन फुटतो, पाण्यात जातो, नाहीतर टॉवर पोचत नाही अशा जागी जातो. नेटवर्कनं त्याला हाका मारल्या, वळणाच्या आसपासच्या सगळ्या टॉवरवरून. उत्तर नाही. आणि गेटवेला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो पत्ता धरून बसला होता, बाहेरून आलेलं सगळं घ्यायला तयार.

या वेळी प्रणालीनं घड्याळ पाहिलं नाही. शून्य दिसल्यापासून एका मिनिटात तिनं रितेशला फोन लावला. "वळणावर जा. आत्ताच्या आत्ता. कठड्याखाली बघ. जाळीत बघ." मग एकशे आठला लावला, आणि ठिकाण सांगताना तिचा आवाज एवढा चढला की अख्ख्या हॉलनं माना वळवल्या.

रितेश अकरा मिनिटांत पोचला. फोनवरून त्याच्या धापा ऐकू येत होत्या. "मॅडम, कोणी नाही. कठड्यावर नाही. खाली उतरतो... थांबा... जाळीत पण नाही. टोपली नाही, काही नाही. बोंबलाचा एक तुकडा पडलाय फक्त."

"नीट बघ रे!"

"नीटच बघतोय, ताई," तो म्हणाला. पहिल्यांदाच ताई म्हणाला.

रुग्णवाहिका आली, रिकामी परत गेली. पडद्यावर पत्ता तसाच होता. नेटवर्क अशा हरवलेल्या फोनची जवळजवळ दोन तास वाट बघतं, मग तो गेला असं धरतं. प्रणाली ते दोन तास उठली नाही. साडेअकराच्या सुमारास, कुणी काही न करता, पट्टा पडद्यावरून गेला. गेटवेवरचा आकडा एकवरून शून्य झाला. विनेश सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि यंत्र उतरवायला सांगायला गेले.

म्हसळ्याच्या बाजारात सोनाबाई त्या दिवशी आली नव्हती. जीवनाच्या घराला कुलूप. विनिता म्हणते, दुपारी आली होती, टोपली धुऊन पालथी घातली आणि बाहेर पडली. पलीकडचा सदा म्हणतो, नाही, सकाळी गेली ती गेलीच, विनिता आदल्या दिवशीचं सांगतेय. कुणी म्हणतं दिवेआगरला बहीण आहे. बहीण कधीच वारली, असंही कुणी म्हणतं. पोलिसांनी नोंद करून घेतली. प्रणाली तीन रविवार जाऊन आली. तिसऱ्या रविवारी साक्षीला कडेवर घेऊन गेली, कारण आता तिला मागं ठेववत नाही. ते सिम आजवर कुठल्याही टॉवरला लागलेलं नाही. सोनाबाईनं फक्त फोन बंद केला, की आणखी काही, हे सांगणारा पट्टा आता कुठल्याच पडद्यावर नाही.

म्हणून प्रणालीची एक विनंती आहे. तुम्ही म्हसळ्याहून श्रीवर्धनला जात असाल, किंवा दिवेआगरच्या, बोर्लीच्या बाजारात सुकी मासळी घ्यायला थांबलात, तर जरा बघा. काष्ट्याचं लुगडं, साठीच्या पुढची, टोपलीत बोंबील, बोलणं तोडून टाकल्यासारखं. नाव विचारा. 'सोनाबाई' असं म्हणाली तर लांबून बघून निघू नका. जवळ जाऊन बसा, जेवली का विचारा.